प्री-ऑर्डरचा टॅबलेट वर्ष होत आलं तरी येत नाही; पैसे परत मागू का?

*ताई, मी सांगलीत शाळेत शिकवते. वह्या तपासून डोळे दुखतात म्हणून 14 मार्च 2025 ला कागदासारखा स्क्रीन असलेला एक टॅबलेट प्री-ऑर्डर केला. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर क्रेडिट कार्डाने 18,999 रुपये भरले. ‘जूनअखेर मिळेल’ असं लिहिलं होतं. मग ऑगस्ट सांगितला, मग दिवाळीच्या आधी, मग 31 जानेवारी 2026. आता फेब्रुवारी आहे आणि ‘एप्रिलपर्यंत नक्की’ अशी मेल आली. रद्द करते म्हटलं तर ‘प्री-ऑर्डर रद्द होत नाही, हवं तर 20,000 चं कूपन घ्या’ म्हणाले. जूनमध्ये मी स्वतःच ‘चालेल, थांबते’ असं उत्तर दिलं होतं. त्यामुळे माझा हक्क गेला का? कंपनी चालवणारी मुलं तरुण आहेत, प्रामाणिक वाटतात. खरेदीदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळे ‘अजून थोडं थांबू’ म्हणतात. मी एकटीनेच भांडण काढू का?*
*— एक शिक्षिका*

तुमच्या पत्रातलं ‘चालेल’ हे एक उत्तर तुम्हाला सगळ्यात जास्त सलतंय, म्हणून तिथूनच सुरू करते.

जूनमध्ये तुम्ही थांबायला तयार झालात. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. त्यातलं कलम 63 सांगतं की ज्याला वस्तू मिळायची आहे तो समोरच्याला मुदत वाढवून देऊ शकतो. तुम्ही ती ऑगस्टपर्यंत वाढवून दिली, एवढंच झालं. ‘कधीही द्या’ असं तुम्ही म्हटलं नव्हतं. ऑगस्टनंतरच्या मेलना तुम्ही होकार दिल्याचं पत्रात दिसत नाही, आणि कंपनीने आपणहून नवी तारीख कळवली म्हणून ती तुमच्यावर बंधनकारक होत नाही. समोरून मेल येते, आपण काही उत्तर देत नाही, आणि मनात मात्र आपल्यालाच वाटत राहतं की आपण मान्य केलं. तुमच्या गप्प राहण्याला कायदा होकार म्हणत नाही. तरी एक काळजी घ्या. यापुढे ‘ठीक आहे’, ‘ओके’, अगदी अंगठ्याची खूणसुद्धा पाठवू नका. मेलमध्येच नव्हे, त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही नाही.

‘प्री-ऑर्डर रद्द होत नाही’ हे वाक्य आता बघू. वेबसाइटवर अटींमध्ये ते लिहिलेलं असेलही, पण दुकानदाराने लिहिलेली अट कायद्याच्या वर जात नाही. 2020 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने ई-कॉमर्ससाठी ग्राहक संरक्षण नियम लागू केले. स्वतःचा माल स्वतःच्या वेबसाइटवर विकणाऱ्या कंपनीला त्यातला नियम 7 लागू होतो. सांगितलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा दिला, तर तो परत घ्यायला आणि पैसे परत करायला कंपनी नकार देऊ शकत नाही, असं त्यात आहे. अपवाद आहे तो पूर, भूकंप अशा कोणाच्याच हातात नसलेल्या कारणांचा. ‘चीनहून डिस्प्ले यायला वेळ लागतोय’ हे कारण त्यात बसतं असं त्यांनी म्हटलं, तर ते सिद्ध करणं त्यांचं काम आहे. शिवाय चार वेळा तारीख बदलली की ते अचानक आलेलं संकट राहत नाही. तुमच्या बाबतीत तर माल उशिराही आलेला नाही, तो आलेलाच नाही.

याच नियमांमध्ये आणखी एक उपयोगी तरतूद आहे. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. तुमची मागणी ‘सपोर्ट’च्या पत्त्यावर जाते तेव्हा तिथली मुलगी ठरलेलं उत्तर चिकटवते. तीच मागणी तक्रार अधिकाऱ्याच्या नावाने गेली की तारखा मोजायला सुरुवात होते.

आता मुलांच्या प्रामाणिकपणाबद्दल. मी त्यावर शंका घेत नाही. पण या प्रश्नात त्याचा उपयोग फार थोडा आहे, हे तुम्हाला सांगायलाच हवं. 2014 साली वेल्समधल्या एका कंपनीने झानो नावाच्या छोट्या ड्रोनसाठी किकस्टार्टर या लोकांकडून पैसे उभारायच्या वेबसाइटवर आगाऊ पैसे घेतले. सुमारे 12,000 जणांनी मिळून 23 लाख पौंडांहून जास्त दिले. तारखा पुढे गेल्या, आणि नोव्हेंबर 2015 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. बहुतेकांना ड्रोन मिळाला नाही. नंतर किकस्टार्टरनेच मार्क हॅरिस या पत्रकाराला चौकशीचं काम दिलं. त्यांच्या अहवालातून दिसलं की लोकांना फसवायचं म्हणून हे उभं केलेलं नव्हतं. वस्तू बनवणं किती अवघड आहे याचा अंदाज चुकला आणि पैसे त्यातच संपले. लोकांचं नुकसान मात्र तितकंच झालं.

हार्डवेअर बनवणाऱ्या छोट्या कंपनीत हे असंच घडतं. तुमचे 18,999 रुपये कुठे वेगळे ठेवलेले नसतात. ते प्लास्टिकच्या साच्यांना, डिस्प्लेच्या आगाऊ रकमेला, पगाराला जातात. म्हणजे तुम्ही ग्राहक आहात, पण प्रत्यक्षात तुम्ही त्यांना बिनव्याजी आणि बिनतारण कर्ज दिलंय. कंपनी उद्या दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तर ‘मोरॅटोरियम’ लागू होतो, वसुलीचे दावे थांबतात आणि रांगेत बँका तुमच्या पुढे उभ्या असतात. म्हणून ‘अजून थोडं थांबू’ यात थांबण्यापलीकडेही धोका आहे. ग्रुपवर हे कोणी बोलत नाही, कारण प्रत्येकाला बाकीच्यांच्या थांबण्याचा धीर वाटतो.

मग कंपनी खरोखर माल देण्याच्या जवळ आली आहे का, हे बाहेरून कळतं का? काही प्रमाणात कळतं, आणि तुम्ही ते घरबसल्या तपासू शकता. आपल्या देशात टॅबलेट विकायचा तर त्याची भारतीय मानक ब्यूरोकडे, म्हणजे बीआयएसकडे, सक्तीची नोंदणी लागते. हा नोंदणी क्रमांक R- ने सुरू होतो आणि पुढे आठ आकडे असतात. कंपनीला एका ओळीची मेल पाठवा: ‘या टॅबलेटचा बीआयएस नोंदणी क्रमांक आणि मॉडेल क्रमांक कळवा.’ उत्तर आलं तर तो क्रमांक मोबाइलवर BIS Care या अ‍ॅपमध्ये टाकून बघा. तिथे कोणत्या कारखान्याच्या कोणत्या वस्तूची नोंद आहे ते दिसतं. क्रमांकच नसेल, किंवा भलत्याच वस्तूचा निघाला, तर एप्रिलच्या तारखेवर विश्वास ठेवू नका. नोंदणी बरोबर निघाली तरी त्यावरून एवढंच कळतं की ती वस्तू विकायला परवानगी आहे. माल तयार आहे, असा त्याचा अर्थ नाही.

दुसरं, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या साइटवर कंपनीच्या नावाने शोधलं की तिची सद्यस्थिती फुकट बघता येते. ‘ॲक्टिव्ह’ दिसलं तर ठीक. नाव काढून टाकण्याची किंवा दिवाळखोरीची नोंद दिसली, तर पुढची पावलं त्याच दिवशी उचला. नोंदणीकृत पत्ताही तिथेच मिळतो. तो लिहून ठेवा, पुढे लागेल.

कूपनबद्दल थोडक्यात सांगते: घेऊ नका. ज्या दुकानात आज द्यायला मालच नाही, त्या दुकानाचं कूपन म्हणजे तेच कर्ज नव्या नावाने. शिवाय कूपन घेतलं की ‘ग्राहकाने भरपाई स्वीकारली, वाद मिटला’ असं कंपनी बँकेला दाखवू शकते.

एप्रिलपर्यंत थांबायचं की नाही, हा निर्णय शेवटी तुमचा. टॅबलेट तुम्हाला अजून मनापासून हवा असेल आणि बीआयएसची नोंद बरोबर निघाली, तर थांबणं चुकीचं नाही. पण तेव्हा तारीख तुम्ही लिहून द्या: ‘30 एप्रिल 2026 पर्यंत माल माझ्या हातात आला नाही तर ऑर्डर त्या दिवशी रद्द समजावी आणि पूर्ण रक्कम परत करावी.’ पत्र वाचून मला मात्र वाटतं की तुमचं मन त्यातून केव्हाच निघालंय. तसं असेल तर आजच रद्द करा. मजकूर साधा ठेवा, राग नको, इतिहास नको. मेल इंग्रजीत पाठवलीत तरी मुद्दे हेच असू द्या:

*‘ऑर्डर क्रमांक अमुक, दिनांक 14 मार्च 2025, रक्कम 18,999 रुपये. माल जून 2025 अखेर देण्याचं आपण कबूल केलं होतं. त्यानंतर ऑगस्ट, दिवाळीपूर्वी आणि 31 जानेवारी 2026 या तारखाही पाळल्या गेल्या नाहीत. एप्रिलची नवी तारीख मला मान्य नाही. मी ही ऑर्डर आज रद्द करत आहे. यापुढे माल पाठवू नये. पूर्ण रक्कम 15 दिवसांच्या आत त्याच कार्डावर परत करावी. कूपन किंवा अन्य वस्तू मला मान्य नाही. रक्कम न आल्यास मी बँकेकडे आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.’*

यात ‘रद्द करायची इच्छा आहे’ किंवा ‘रद्द होऊ शकेल का’ असं लिहू नका. तुम्ही परवानगी मागत नाही आहात, रद्द केल्याचं कळवत आहात. मेल तक्रार अधिकाऱ्याला आणि सपोर्टला एकत्र पाठवा, आणि छापील प्रत मघाशी काढून ठेवलेल्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने. पोस्टाची पावती आणि पोहोचल्याची नोंद जपून ठेवा.

पंधरा दिवस गेले की बँक. हा भाग सावकाश वाचा, कारण इथेच बहुतेकांची केस बिघडते.

तुम्ही क्रेडिट कार्डाने पैसे भरलेत, हे तुमच्या बाजूचं आहे. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या व्यवस्थेत ‘माल मिळाला नाही’ या कारणाने ग्राहकाची बँक दुकानदाराच्या बँकेकडून पैसे परत मागू शकते. त्याला चार्जबॅक म्हणतात. बँकेला फोन लावलात की समोरचा पहिला प्रश्न विचारेल, ‘हा व्यवहार तुम्ही केला होता का?’ इथे गडबड होते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी घाईत ‘फसवणूक झाली’ एवढंच सांगितलं. बँकेने ती ‘अनधिकृत व्यवहार’ म्हणून नोंदवली, कार्ड बंद केलं आणि महिन्याभराने कळवलं की ओटीपी टाकून व्यवहार झालाय, तक्रार फेटाळली. त्यांचं प्रकरण फसवणुकीचं नव्हतंच, माल न मिळण्याचं होतं. पुन्हा नव्याने नोंद करायला त्यांना चार खेपा घालाव्या लागल्या. तुम्ही स्पष्ट सांगा: ‘व्यवहार मीच केला, पण माल मिळालेला नाही आणि ऑर्डर मी रद्द केली आहे.’ फॉर्मवर कारण तेच निवडा आणि फोननंतर लेखी तक्रारही द्या.

मुदतीचं गणित नीट समजून घ्या. साधारण नियम असा की माल मिळण्याची जी शेवटची तारीख सांगितली होती, तिच्यापासून 120 दिवसांत हा दावा लागायला हवा, आणि काहीही झालं तरी मूळ व्यवहारापासून 540 दिवसांच्या आत. तुमच्या तारखा घालून बघू. पहिली तारीख 30 जून 2025 धरली तर 120 दिवस 28 ऑक्टोबरलाच संपले. बँकेतलं कोणी ‘मुदत गेली’ म्हणालं तर ते हाच हिशोब करत असतात. पण कंपनीने स्वतः 31 जानेवारी 2026 ही तारीख लेखी दिली होती, आणि तिथून मोजलं तर 31 मे 2026 पर्यंत वेळ आहे. म्हणजे ज्या मेलनी तुमचं डोकं उठवलं, त्याच आता तुमचा पुरावा आहेत. एकही डिलीट करू नका. सगळ्यांची पीडीएफ करून तारखेच्या क्रमाने तक्रारीला जोडा. वरची 540 दिवसांची मर्यादा मात्र कोणत्याही मेलने पुढे सरकत नाही. तुमच्यासाठी ती 5 सप्टेंबर 2026 ला संपते. कंपनी तारखा पुढे ढकलत राहिली आणि तुम्ही थांबत राहिलात, तर एक दिवस हा दरवाजा कायमचा बंद होतो. मी तर म्हणेन, मार्च संपायच्या आत बँकेत कागद जाऊ द्या.

बँक कदाचित आधी तात्पुरते पैसे जमा करेल. ते आले म्हणून प्रकरण संपलं असं समजू नका. दुकानदाराने उत्तर दिलं तर ती रक्कम पुन्हा वजा होऊ शकते. आणि हमखास असं होईल की चार्जबॅक लागताच कंपनीचा फोन येईल: ‘मॅडम, बँकेतली तक्रार मागे घ्या, आम्ही लगेच रिफंड करतो.’ मागे घेऊ नका. एकदा मागे घेतलेली तक्रार सहसा पुन्हा उघडत नाही. ‘रिफंड केलाय’ असं ते म्हणाले तर एआरएन क्रमांक मागा. कार्डावरच्या प्रत्येक रिफंडला तो असतो, आणि तो दिला की तुमची बँक पैसे कुठे आहेत ते शोधू शकते. क्रमांक देता येत नसेल तर रिफंड झालेला नाही. रिफंडसाठी कोणी लिंक पाठवली किंवा यूपीआय पिन टाकायला सांगितला, तर फोन ठेवून द्या. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ग्रुपमधल्या नंबरांवर अशा लोकांची नजर असते.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते. पण ती बँकेच्या कामाबद्दल असते, टॅबलेट कंपनीबद्दल नव्हे.

कंपनीविरुद्धचा रस्ता वेगळा, आणि तो बँकेच्या बरोबरीने चालू ठेवा. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवा. ते आदेश देऊ शकत नाहीत, पण तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून पाठपुरावा करतात, आणि बऱ्याच कंपन्या इथेच पैसे देतात. नाही दिले तर सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी कुठलीही असो, 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि e-jagriti.gov.in वर ती ऑनलाइन दाखल होते. मूळ रक्कम, भरल्या दिवसापासूनचं व्याज, मनस्तापाची भरपाई आणि खर्च असं चारही मागा. मुदत दोन वर्षांची आहे. ती पहिल्या चुकलेल्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे 30 जून 2027 च्या आत, मग कोणाला हरकत घ्यायला जागा राहत नाही. निकाल लवकर लागेल असं मी म्हणणार नाही. म्हणूनच बँकेचा रस्ता आधी सांगितला.

याच अडचणीत असलेल्या पण वेगळ्या रीतीने पैसे भरलेल्या वाचकांसाठीही थोडं सांगते. ईएमआयवर घेतलं असेल तर वस्तू आली नाही म्हणून हप्ते थांबवू नका, त्याने तुमचीच पत खराब होते. हप्ते भरत राहा आणि तक्रार पूर्ण रकमेची करा. यूपीआयने भरले असतील तर ज्या अ‍ॅपमधून भरले तिथे त्या व्यवहारावरच तक्रार नोंदवा, आणि बँकेलाही लेखी कळवा. क्रेडिट कार्डाइतकी पकड तिथे नाही, त्यामुळे 1915 आणि आयोग यांवर जास्त भर द्या. ज्यांनी किकस्टार्टरसारख्या ठिकाणी पैसे दिलेत, त्यांनी आधी अटी वाचाव्यात. तिथे तुम्हाला खरेदीदार नव्हे, पाठीराखा म्हटलेलं असतं, आणि तो मुद्दा कंपनी तुमच्याविरुद्ध वापरते. तुमची, सांगलीच्या बाईंची, मात्र सरळ खरेदी आहे. तुमच्याकडे बिलासारखी ऑर्डरची मेल आहे आणि त्यात तारीख आहे.

ग्रुपचं म्हणाल तर तिथे भांडण काढायची गरज नाही. ज्यांना थांबायचंय ते थांबोत. तुमच्या रद्द करण्याचा मजकूर तेवढा तिथे टाका, ज्यांना हवा ते उचलतील. सगळे एकत्र जाऊ म्हणून ताटकळू नका, कारण चार्जबॅक प्रत्येकाच्या कार्डावर वेगळा असतो आणि प्रत्येकाचे 540 दिवस वेगळ्या तारखेला संपतात.

आणि एक शक्यता धरून ठेवा. तुमची नोटीस गेल्यावर एखाद्या दुपारी अचानक कुरिअरवाला दारात येईल. घरी सांगून ठेवा, शेजारच्या काकूंनाही सांगा: पार्सल घ्यायचं नाही, सही करायची नाही, डिलिव्हरीचा ओटीपी द्यायचा नाही. पार्सलवरच्या लेबलचा फोटो काढायचा, ‘ऑर्डर रद्द केली आहे’ म्हणून परत पाठवायचं, आणि त्याच दिवशी बँकेला आणि कंपनीला तो फोटो जोडून मेल करायची. पार्सल एकदा घरात आलं की बँकेच्या लेखी माल मिळाला. मग आत टॅबलेट आहे की रिकामा डबा, हे सिद्ध करण्याचं नवंच काम तुमच्या मागे लागेल.